‘प्रलंबित काम शून्य’ हे उत्तर नेमके कधीचे आहे?

ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा एखादा प्रोग्रॅम, म्हणजे जॉब, दोन तऱ्हांनी अपयशी ठरू शकतो. पहिल्या तऱ्हेत तो मध्येच बंद पडतो, त्रुटीचा संदेश येतो आणि कोणीतरी धावत येते. दुसऱ्या तऱ्हेत तो वेळेवर सुरू होतो, वेळेवर संपतो, ‘प्रलंबित काम नाही’ असे कळवतो आणि ते खोटे असते. हा लेख दुसऱ्या तऱ्हेविषयी आहे. तिच्यामागे बहुतेकदा एकच कारण असते: जॉबने मूळ डेटाबेसला विचारलेले नसते, तर आधी कधीतरी काढून ठेवलेली त्याची प्रत वाचलेली असते. अशा तात्पुरत्या साठवणीला कॅशे म्हणतात आणि त्यातील एका क्षणाच्या चित्राला स्नॅपशॉट. तो क्षण मागे पडून किती काळ लोटला आहे हे जॉबने तपासले नाही, तर जुने शून्य आजचे शून्य म्हणून पुढे जाते.

नागपुरातील अमरावती मार्गावरच्या वाडी परिसरात गोदामे आणि मालवाहतुकीची कार्यालये दाटीने आहेत. तेथील एका औषध वितरकाचे उदाहरण घेऊ. वितरक आणि आकडे समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत, परंतु रचना अशी आहे की अशा व्यवसायाचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. वर्धा, भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर येथील औषध दुकानदार रात्री 9 पर्यंत ॲपवरून ऑर्डर नोंदवतात. रात्री 9:30 वाजता डिस्पॅचचा जॉब चालतो, प्रलंबित ऑर्डरी गोळा करतो, मार्गानुसार याद्या छापतो आणि 11 वाजता गाड्या निघतात. ऑर्डरी पोस्टग्रेस डेटाबेसमधील `orders` या टेबलात असतात. काउंटरवरील स्क्रीन दर काही सेकंदांनी प्रलंबित ऑर्डरींची संख्या विचारत असल्यामुळे डेटाबेसवर ताण येऊ लागला, म्हणून मध्ये रेडिसचा कॅशे बसवण्यात आला. दर 5 मिनिटांनी एक छोटा प्रोग्रॅम सर्व प्रलंबित ऑर्डरींची यादी काढतो आणि ती रेडिसमध्ये `pending:snapshot` या नावाखाली ठेवतो. स्क्रीन तेवढीच वाचतात.

येथपर्यंत काहीच वावगे नाही. स्क्रीनवरचा आकडा 5 मिनिटे जुना असला तरी कोणाचे नुकसान होत नाही. चूक पुढे झाली. प्रलंबित ऑर्डरी मिळवणारे `get_pending_orders()` हे फंक्शन स्क्रीन आणि डिस्पॅचचा जॉब या दोघांसाठी सामाईक होते आणि कॅशे त्या फंक्शनच्या आत बसवला गेला. जॉबच्या कोडमधील एकही ओळ बदलली नाही, आणि तरीही त्या दिवसापासून जॉब मूळ टेबलाऐवजी प्रत वाचू लागला. व्यवहारात हा प्रकार बहुधा याच वाटेने शिरतो. रात्री एकदाच चालणाऱ्या जॉबला कॅशेची गरज मुळातच नसते, कारण कॅशेचा फायदा हजारो वेळा होणाऱ्या वाचनात आहे. परंतु जॉब लिहिणाऱ्याने तो निर्णय घेतलेलाच नसतो. तो दुसऱ्या कोणाच्या सोयीसाठी घेतलेल्या निर्णयाबरोबर आलेला असतो.

आता त्या संध्याकाळचा क्रम पाहू. 6:30 वाजता संध्याकाळच्या गाडीची यादी निघाली आणि तोवरच्या सर्व ऑर्डरी मार्गी लागल्या. 6:40 चा स्नॅपशॉट तयार झाला तेव्हा प्रलंबित ऑर्डर खरोखरच एकही नव्हती, त्यामुळे रेडिसमध्ये रिकामी यादी गेली. 6:43 वाजता सुरक्षेच्या नियमानुसार डेटाबेसचा पासवर्ड बदलण्यात आला. मुख्य ॲपला नवा पासवर्ड दिला गेला, स्नॅपशॉट काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये तो घालायचा राहिला. हा प्रोग्रॅम प्रत्येक खेपेला नवी जोडणी उघडत असल्यामुळे 6:45 वाजता त्याला प्रवेश नाकारला गेला. त्याच्या कोडमध्ये अशी तरतूद होती की डेटाबेस मिळाला नाही तर लॉगमध्ये नोंद करावी आणि शेवटचा चांगला स्नॅपशॉट तसाच राहू द्यावा. स्क्रीनसाठी ही तरतूद शहाणपणाचीच आहे, कारण पूर्ण कोऱ्या स्क्रीनपेक्षा थोडा जुना आकडा बरा. परंतु डिस्पॅचच्या जॉबसाठी ती गोदामाच्या दारावर 6:40 वाजता खडूने ‘काम शिल्लक नाही’ असे लिहून ठेवलेल्या पाटीसारखी ठरली.

6:52 ते 9:00 या वेळात 43 ऑर्डरी आल्या: वर्ध्याच्या 14, गोंदियाच्या 11, भंडाऱ्याच्या 9 आणि चंद्रपूरच्या 9. काउंटर 7 वाजता बंद होत असल्याने स्क्रीनवरचे अडकलेले शून्य पाहायला कोणी नव्हते. 9:30 वाजता जॉबने रेडिसमधील रिकामी यादी वाचली, ‘प्रलंबित ऑर्डर: 0’ असा संदेश व्यवस्थापकांना पाठवला आणि यशाचा कोड, म्हणजे 0, देऊन तो संपला. जॉब वेळेवर चालला का आणि यशस्वी संपला का एवढेच पाहणाऱ्या देखरेखीच्या यंत्रणेने हिरवी खूण दाखवली. गाड्या रिकाम्या उभ्या राहिल्या आणि चालकांना घरी जायला सांगण्यात आले.

या टप्प्यावर थांबून पाहण्यासारखी गोष्ट अशी की जुनी माहिती प्रत्येक वेळी इतकी घातक नसते. समजा स्नॅपशॉट उलट दिशेने चुकला असता, म्हणजे दुकानदाराने रद्द केलेली एखादी ऑर्डर त्यात प्रलंबित म्हणून राहिली असती. जॉबने ती उचलली असती, पण पाठवल्याची नोंद करताना तो मूळ टेबलाकडे गेला असता आणि नीट लिहिलेला जॉब ही नोंद अटीसह करतो:

```sql
UPDATE orders SET status = 'dispatched'
WHERE id = 5127 AND status = 'pending';
```

ऑर्डर रद्द झालेली असेल तर या आदेशाने एकही ओळ बदलत नाही, आणि बदललेल्या ओळींची संख्या शून्य आली की जॉबला कळते की हातातली यादी जुनी आहे. जे काम नाही ते आहे असे वाटले, तर ते करायला गेल्यावर वास्तवाशी गाठ पडते आणि चूक उघडी होते. जे काम आहे ते नाही असे वाटले, तर जॉब काहीच करायला जात नाही, वास्तवाशी गाठच पडत नाही आणि चूक दाखवणारा एकही प्रसंग घडत नाही. म्हणून ‘काम आहे’ या उत्तरापेक्षा ‘काम नाही’ या उत्तराकडे जास्त पुरावा मागितला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्षात बहुतेक कोडमध्ये उलटे दिसते: यादीत काही असेल तर दहा तपासण्या होतात आणि यादी रिकामी असेल तर फंक्शन पहिल्याच ओळीत परत फिरते.

आपल्या उदाहरणातील नुकसान एका रात्रीच्या उशिरावर थांबले असते तर प्रकरण तुलनेने सौम्य म्हणता आले असते. परंतु जॉबने शून्य कळवताना आणखी एक गोष्ट केली होती. कोणत्या वेळेपर्यंतच्या ऑर्डरी हाताळून झाल्या याची खूण म्हणून तो `last_cutoff` हे मूल्य जपत असे आणि दररोज त्या खुणेनंतर आलेल्या ऑर्डरीच यादीत घेत असे. त्या रात्री ‘काम नाही’ असे ठरल्यावर ही खूण रात्री 9:00 पर्यंत पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी 7:30 वाजता पासवर्डची चूक सापडली, स्नॅपशॉट पुन्हा ताजा झाला, स्क्रीनवर 43 ऑर्डरी दिसू लागल्या आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. गोंदियाच्या दुकानदाराने फोन केला तेव्हा काउंटरवरून त्याला सांगण्यात आले, “भाऊ, तुमची ऑर्डर सिस्टीममध्ये दिसते आहे, आज रात्रीच्या गाडीने निघेल.” ती निघाली नाही. रात्रीच्या जॉबने आदल्या दिवशी 9:00 नंतर आलेल्या ऑर्डरीच उचलल्या, आणि त्या 43 ऑर्डरी खुणेच्या मागे राहिल्यामुळे त्यानंतर कोणत्याच यादीत येणार नव्हत्या. तात्पुरत्या जुन्या माहितीवर घेतलेला निर्णय कायमस्वरूपी नोंदला गेला की कॅशे ताजा होऊनही चूक दुरुस्त होत नाही. जुना स्नॅपशॉट कोणी वाचला एवढेच शोधून भागत नाही, त्याच्या आधारावर कोणी काय लिहून ठेवले तेही शोधावे लागते.

असा प्रकार घडला असल्याचा संशय आला तर पहिली तपासणी अगदी साधी आहे. कॅशेला पूर्ण बाजूला ठेवून मूळ टेबलाला थेट विचारावे:

```sql
SELECT count(*), min(created_at)
FROM orders
WHERE status = 'pending';
```

येथे संख्येपेक्षा दुसरा रकाना अधिक बोलका आहे. जॉबने 9:30 वाजता शून्य सांगितले आणि सर्वांत जुनी प्रलंबित ऑर्डर 6:52 ची निघाली, तर जॉबचे उत्तर चुकीचे होते हे तेवढ्यावरच जवळपास सिद्ध होते. अपवाद एवढाच की एखादी ऑर्डर मध्यंतरी दुसऱ्या स्थितीतून परत प्रलंबित झाली असू शकते. हीच क्वेरी स्वतंत्रपणे, जॉबशी संबंध नसलेल्या यंत्रणेतून, दर तासाला चालवून ‘सर्वांत जुनी प्रलंबित ऑर्डर 26 तासांपेक्षा जुनी असेल तर कळवा’ असा अलर्ट लावला, तर खुणेमागे अडकलेल्या ऑर्डरीही सापडतात. एका दिवसाचे चक्र आणि वर थोडी सवलत म्हणून 26 तास. व्यवसायाचे चक्र वेगळे असेल तर आकडा वेगळा असेल.

उपायाकडे वळताना बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो कॅशेला मुदत घालण्याचा. रेडिसमध्ये प्रत्येक नोंदीला आयुष्य ठरवून देता येते आणि ते संपले की नोंद आपोआप नाहीशी होते. `pending:snapshot` ला 10 मिनिटांची मुदत असती तर 6:40 चे शून्य 6:50 नंतर उरले नसते, हे खरे आहे. परंतु वाचणारा कोड असा असेल तर काय होईल ते पाहा:

```python
orders = json.loads(r.get("pending:snapshot") or "[]")
```

नोंद नसेल तर `r.get` कडून `None` येते, `or` मुळे त्याची जागा रिकामी यादी घेते आणि जॉब पुन्हा ‘प्रलंबित ऑर्डर: 0’ असेच कळवतो. मुदतीमुळे जुनी माहिती गेली, पण तिच्या जागी आलेली ‘माहितीच नाही’ ही अवस्था कोडने ‘काम नाही’ म्हणून वाचली. अशा ओळी कोड कोसळू नये या सद्हेतूने लिहिल्या जातात आणि तपासणीत सहज नजरेआड होतात. डिस्पॅचच्या जॉबपुढे उत्तरे तीन आहेत: काम आहे, काम नाही याची खात्री केली आहे, आणि ठाऊक नाही. ही तिसरी अवस्था कोडमध्ये वेगळी दिसली पाहिजे आणि तिच्यासाठी जॉबने अपयशाचा कोड देऊन थांबले पाहिजे, म्हणजे हिरवी खूण लागणार नाही आणि `last_cutoff` पुढे सरकणार नाही.

दुसरी गरज म्हणजे स्नॅपशॉटने स्वतःबरोबर स्वतःची वेळ वागवणे. ही वेळ कोणती घ्यायची यात बारीक फरक आहे. रेडिसमध्ये नोंद लिहिल्याची वेळ घेतली तर ती फसवी ठरू शकते, कारण डेटाबेसमधून यादी काढण्यास आणि ती लिहिण्यास लागलेला काळ तिच्यात दडून जातो. त्याहून वाईट म्हणजे एखादा प्रोग्रॅम जुनीच यादी नव्या वेळेने पुन्हा लिहू शकतो. म्हणून वेळ डेटाबेसकडूनच, यादी काढण्याच्या त्याच व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये, घ्यावी. पोस्टग्रेसमध्ये `now()` हे व्यवहार सुरू झाल्याची वेळ देते. यादीची क्वेरी त्यानंतर चालते, त्यामुळे त्या वेळेआधी पक्की, म्हणजे कमिट, झालेली प्रत्येक प्रलंबित ऑर्डर यादीत आलीच पाहिजे. ही वेळ `as_of` या नावाने यादीसोबत ठेवावी.

आता जॉबने काय तपासायचे? ‘स्नॅपशॉट 10 मिनिटांपेक्षा जुना नको’ असा नियम मनात येतो आणि अनेक ठिकाणी तो पुरेसाही असतो. आपल्या उदाहरणात मात्र अधिक नेमका प्रश्न विचारता येतो: हा स्नॅपशॉट ऑर्डरीची वेळ संपल्यानंतरचा आहे का? जॉबला रात्री 9:00 पर्यंतच्या सर्व ऑर्डरी हव्या आहेत, म्हणून `as_of` 9:00 नंतरची असणे ही खरी अट आहे. 9:30 ला वाचलेला 9:10 चा स्नॅपशॉट 20 मिनिटे जुना असूनही चालेल, आणि जॉब चुकून 9:02 ला चालवला गेला तर 8:58 चा स्नॅपशॉट केवळ 4 मिनिटे जुना असूनही चालणार नाही.

या अटीतही एक फट उरते आणि ती अनुभवी मंडळींच्याही लक्षात येत नाही. ऑर्डरीची `created_at` वेळ आणि ती डेटाबेसमध्ये पक्की होऊन इतरांना दिसू लागण्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत. एखाद्या ऑर्डरीचा व्यवहार 8:59:50 ला सुरू झाला, `created_at` मध्ये तीच वेळ पडली, परंतु साठ्याची पडताळणी लांबल्याने ती 9:00:20 ला पक्की झाली, तर 9:00:05 च्या स्नॅपशॉटमध्ये ती दिसणार नाही, आणि खूण 9:00 वर सरकल्यामुळे दुसऱ्या दिवशीही ती उचलली जाणार नाही. यावर काही मिनिटांची सवलत ठेवणे, म्हणजे `as_of` 9:05 नंतरचीच हवी असे म्हणणे, हा कामचलाऊ उपाय आहे. व्यवहार त्याहून लांबला तर तो अपुरा पडतो. पक्का उपाय म्हणजे वेळेच्या खुणेवर निवड करणे सोडून देणे आणि 9:00 च्या आतील जी ऑर्डर प्रलंबित आहे ती, मग ती कितीही जुनी असो, यादीत घेणे. तसे केले असते तर त्या 43 ऑर्डरी दुसऱ्या रात्री तरी निघाल्या असत्या.

हे सर्व एकत्र केल्यावर वाचनाचा भाग साधारण असा होतो:

```python
raw = r.get("pending:snapshot")
if raw is None:
    raise Unknown("snapshot missing")
snap = json.loads(raw)
if snap["as_of"] < cutoff + GRACE:
    raise Unknown("snapshot too old")
orders = snap["orders"]
if not orders:
    orders = read_pending_from_db()
```

शेवटच्या दोन ओळींत यादी रिकामी आली तर मूळ टेबलाला एकदा विचारण्याची सक्ती आहे. त्याने डेटाबेसवर भार येईल ही भीती येथे गैरलागू आहे, कारण हा प्रश्न रात्रीतून एकदा आणि तोही यादी रिकामी असेल तरच विचारला जातो, आणि केवळ प्रलंबित ऑर्डरींवर आंशिक इंडेक्स असेल तर त्याचे उत्तर क्षणात मिळते. वेळेची अट मात्र रिकाम्या यादीपुरती ठेवून चालत नाही. 6:40 ला तीन ऑर्डरी प्रलंबित असत्या तर जॉबने तीन पाठवल्या असत्या आणि 43 तशाच राहिल्या असत्या, आणि तीन हा आकडा शून्याइतका संशय जागवत नाही.

आपल्याकडे कॅशेच नाही म्हणून हा धोका नाही, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी टेबलांसाठी व्यवहाराच्या विलगीकरणाची, म्हणजे आयसोलेशनची, पूर्वनिर्धारित पातळी `REPEATABLE READ` असते, म्हणजे व्यवहारातील पहिल्या साध्या वाचनाला जे चित्र दिसले तेच त्या व्यवहाराच्या अखेरपर्यंत दिसत राहते. पायथॉनमधून वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या जोडण्यांमध्ये `autocommit`, म्हणजे प्रत्येक आदेशानंतर व्यवहार आपोआप संपवण्याची सोय, मुळात बंद असते. दर मिनिटाला `SELECT` करून नवे काम शोधणारा, पण मध्ये कधीही `commit` न करणारा प्रोग्रॅम पहिल्याच मिनिटाचे चित्र तासन्‌तास पाहत राहतो. तो सुरू झाला तेव्हा काम शून्य असेल, तर पुन्हा सुरू करेपर्यंत त्याला शून्यच दिसते, आणि पुन्हा सुरू केला की अचानक साचलेले काम दिसू लागते. ‘रीस्टार्ट केले की सुरळीत होते’ अशी तक्रार आली तर प्रथम येथे पाहावे. या प्रकारात स्नॅपशॉट कोणी जाणूनबुजून बनवलेला नसतो, आणि त्याला जोडलेली वेळही कोठे लिहिलेली नसते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर व्यवहार संपवणे हाच उपाय आहे.

दुरुस्ती खरोखर झाली आहे का, हे चाचणी प्रणालीवर पाहता येते. स्नॅपशॉट काढणारा प्रोग्रॅम मुद्दाम बंद करावा, रेडिसमध्ये रिकामी यादी जुन्या `as_of` सह ठेवावी, टेबलात एक ऑर्डर घालावी आणि जॉब चालवावा. जॉब अपयशाचा कोड देऊन थांबला पाहिजे आणि `last_cutoff` हलता कामा नये. मग रेडिसमधील नोंद पूर्ण काढून टाकून तीच चाचणी पुन्हा करावी, कारण वर पाहिलेली `or "[]"` ही ओळ कोठे उरली असेल तर ती पहिल्या चाचणीत सापडत नाही. त्यानंतर ताज्या `as_of` सह रिकामी यादी ठेवावी, म्हणजे प्रत चुकीची पण वेळ बरोबर अशी स्थिती तयार होते. येथे जॉबने मूळ टेबलातून ती ऑर्डर शोधून यादीत घेतली पाहिजे. व्यवस्थापकांना जाणारा संदेशही याच वेळी बदलून घ्यावा: नुसते ‘प्रलंबित ऑर्डर: 0’ असे न लिहिता ‘प्रलंबित ऑर्डर: 0, रात्री 9:30 वाजता मूळ डेटाबेसमध्ये तपासले’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला ते शून्य कोठले आणि कधीचे हे फोन न करता कळते.